कूलरचा भाव ठरवताना: नागपूरच्या छोट्या कारखानदारासाठी ब्रेक-ईव्हनचा हिशेब

कूलर बनवणाऱ्याला शेडचं भाडं बारा महिने भरावं लागतं, पण माल खपतो तो साधारण मार्चच्या मध्यापासून जूनचा पहिला पाऊस पडेपर्यंत. म्हणजे वर्षभराचा खर्च तीन महिन्यांच्या विक्रीतून काढायचा असतो. अशा धंद्यात भाव चुकला तर ते जुलैमध्ये कळतं आणि तोवर सीझन संपलेला असतो. नागपुरात नव्याने या धंद्यात उतरणाऱ्यांनी भाव सांगण्याआधी कोणता हिशेब करावा, तो इथे एका उदाहरणातून मांडतो.

समजा, हिंगणा एमआयडीसीच्या जवळ भाड्याच्या शेडमध्ये एक छोटं युनिट आहे. एकाच मापाचा पत्र्याचा कूलर बनतो, दिवसाला बारा. माल थेट गिऱ्हाइकाला जात नाही, इतवारी-सीताबर्डीच्या आणि आसपासच्या तालुक्यांतल्या डीलरकडे जातो. आकडे उदाहरणापुरते आहेत. तुमच्या बिलांवरचे आकडे घालून हाच हिशेब कागदावर पुन्हा करा.

पहिली पायरी: खर्चाचे दोन ढीग करा

प्रत्येक खर्चाला एकच प्रश्न विचारायचा: आज एक कूलर जास्त बनवून विकला तर हा खर्च वाढेल का? वाढत असेल तर तो बदलता खर्च. कूलर बनवला काय आणि न बनवला काय, जो द्यावाच लागतो तो स्थिर खर्च. खर्चाच्या नावावर जाऊ नका. मजुरीचंच बघा. नगावर काम करणाऱ्या फिटरला कूलरमागे ४०० रुपये देत असाल तर तो बदलता खर्च आहे. पण पावसाळ्यातही सोडून जाऊ नये म्हणून महिन्याच्या पगारावर ठेवलेला कारागीर स्थिर खर्चात जातो, मग तो दिवसभर पत्राच का कापत असेना.

विजेचं बिल तर दोन्हीकडे जातं. महावितरणच्या बिलात स्थिर आकार किंवा मागणी आकार वेगळा छापलेला असतो, तो मशीन बंद असलं तरी लागतो. वीज आकार आणि वहन आकार मात्र वापरलेल्या युनिटवर असतात. बिल समोर ठेवून हे दोन भाग वेगळे करायला पाच मिनिटं लागतात आणि पुढचा अंदाज बराच नेमका होतो.

आपल्या उदाहरणात एका कूलरचा बदलता खर्च असा आहे:

| खर्च | रुपये |
|---|---|
| पत्रा आणि अँगल | १,५५० |
| मोटर आणि पंखा | १,३५० |
| पंप, वायर, स्विच | ४५० |
| गवताच्या ताट्या | २५० |
| पावडर कोटिंग (बाहेरून) | ३५० |
| नगावरची मजुरी | ४०० |
| पॅकिंग, वाहतूक, युनिटप्रमाणे वीज | २०० |
| वॉरंटीतली दुरुस्ती (सरासरी) | ५० |
| एकूण | ४,६०० |

यातली पत्र्याची ओळ नवीन माणूस हमखास कमी धरतो. तयार कूलर वजनकाट्यावर ठेवला तर त्यात १८ किलो लोखंड भरतं, म्हणून तो १८ किलोचाच भाव लावतो. पण आठ बाय चारचा पत्रा कापताना कडेच्या पट्ट्या आणि जाळीच्या खिडक्यांचे तुकडे उरतात. १८ किलोचा कूलर बनवायला २० किलो माल घ्यावा लागतो. ८० रुपये किलोने त्याचे १,६०० झाले. उरलेली दोन किलो कातरण भंगारवाल्याला २५ रुपयांनी दिली तर ५० रुपये परत आले. खरा खर्च १,५५०. महिन्याभरात विकत घेतलेला पत्रा किलोत मोजा आणि त्याला बनलेल्या कूलरने भागा, म्हणजे हा आकडा अंदाजाने धरावा लागणार नाही.

दुसऱ्या ढिगात, म्हणजे वर्षाच्या स्थिर खर्चात, शेडचं भाडं ३,००,००० आहे. कायम माणसांचे पगार ५,४०,०००. विजेचा स्थिर आकार, विमा, फोन, हिशेबनीस मिळून ९०,०००. मशीनची घट ६०,०००, कर्जाचं व्याज १,२०,००० आणि मालकाचा स्वतःचा पगार महिना ३०,००० प्रमाणे ३,६०,०००. बेरीज १४,७०,००० रुपये.

मालकाचा पगार इथे धरलाच पाहिजे, यावर मी ठाम आहे. तो वगळला तर स्थिर खर्च ११,१०,००० दिसतो, आणि घरखर्चाला गल्ल्यातून काढलेले पैसे कुठेच मांडले जात नाहीत. मग कागदावर फायदा असतो आणि बँकेत पैसे नसतात. कर्जाच्या हप्त्यातली मुद्दल मात्र इथे धरू नका. तो खर्च नाही, घेतलेले पैसे परत करणं आहे. पण दर महिन्याला रोख जाते हे खरंच, म्हणून तिची वेगळी नोंद ठेवा.

दुसरी पायरी: एका कूलरचं कॉन्ट्रिब्युशन

डीलरला आपला भाव ६,००० रुपये, जीएसटी सोडून. जीएसटी आपला नाही. तो गोळा करून भरायचा असतो, त्यामुळे भावात तो कधीच मोजायचा नाही. तसंच गिऱ्हाईक दुकानात काय मोजतं याचाही इथे संबंध नाही, आपल्या हातात किती पडतात तेच धरायचं.

६,००० मधून ४,६०० गेले, उरले १,४००. हेच एका कूलरचं कॉन्ट्रिब्युशन. याला फायदा समजू नका. हे १,४०० रुपये आधी भाडं, पगार आणि व्याजाकडे जातात. ते सगळं भागल्यावरच पुढच्या कूलरचे १,४०० तुमचे.

इथे बरेच जण वेगळ्या वाटेने जातात. मागच्या वर्षी १,३०० कूलर विकले, म्हणून स्थिर खर्चाला १,३०० ने भागतात, १,१३१ येतात, ते ४,६०० मध्ये मिळवून "आपल्याला कूलर ५,७३१ ला पडतो" असं म्हणतात. हा आकडा वर्षअखेरीच्या हिशेबाला ठीक आहे, भाव ठरवायला धोक्याचा. विक्री ९०० वर आली तर हाच कूलर ६,२३३ ला "पडायला" लागतो. मग मालक पडत्या बाजारात भाव वाढवतो आणि विक्री आणखी घसरते. बदलता खर्च आणि कॉन्ट्रिब्युशन हे आकडे विक्रीच्या नगांवर अवलंबून नसतात, म्हणून भावाचा निर्णय त्यांच्यावर उभा करायचा.

तिसरी पायरी: किती कूलर विकले की बरोबरी?

सूत्र एवढंच आहे:

ब्रेक-ईव्हन नग = वर्षाचा स्थिर खर्च ÷ एका नगाचं कॉन्ट्रिब्युशन

१४,७०,००० ÷ १,४०० = १,०५०. म्हणजे १,०५० कूलर विकले की ना नफा, ना तोटा. १,०५१ व्या कूलरपासून फायदा सुरू.

आता हा आकडा दोन गोष्टींशी ताडून बघा. पहिली, तुमची ताकद. दिवसाला बारा, महिन्याचे पंचवीस दिवस, जानेवारी ते मे असे पाच महिने: १,५०० कूलर. बरोबरी गाठायलाच ७० टक्के ताकद लागतेय. दुसरी, विक्रीचा अंदाज. १,३०० विकले जातील असं धरलं तर २५० कूलर बरोबरीच्या वर आहेत, म्हणजे ३,५०,००० रुपये फायदा. त्याच वेळी विक्री अंदाजापेक्षा १९ टक्क्यांनी कमी झाली की फायदा शून्य. एप्रिल-मेमध्ये अवकाळी पावसाचे दोन-तीन झटके आले तर एवढी घट नागपुरात सहज होते. म्हणून अंदाज चांगल्या उन्हाळ्याचा न धरता मधल्या उन्हाळ्याचा धरा.

आणि एक लक्षात ठेवा. १,०५० हे *विकलेले* कूलर आहेत, बनवलेले नाहीत. शेडमध्ये शंभर कूलर पडून राहिले तर त्यांचं कॉन्ट्रिब्युशन शून्य, उलट ४,६०,००० रुपये त्यांच्यात अडकलेले.

चौथी पायरी: भाव कमी-जास्त करून बघणं

मार्च उजाडला की डीलरचा फोन येतोच: "भाऊ, बाजूचा ५,७०० ला देऊन राहिला. तुम्ही ३०० कमी करा, माल डबल उचलतो." ३०० म्हणजे भावाच्या पाच टक्के, ऐकायला किरकोळ. पण ते ३०० कॉन्ट्रिब्युशनमधून जातात, कारण पत्रा आणि मोटर तेवढ्याच भावात येणार आहेत. १,४०० चे १,१०० झाले. नवी बरोबरी १४,७०,००० ÷ १,१००, म्हणजे १,३३७ कूलर. मागच्या वर्षी १,३०० विकून साडेतीन लाख सुटले होते, आता तेवढेच विकले तर ४०,००० तोटा.

आधीचाच ३,५०,००० फायदा टिकवायचा असेल तर १८,२०,००० ÷ १,१००, म्हणजे १,६५५ कूलर विकावे लागतील. शेडची ताकद १,५०० आहे. डीलरने खरोखर सगळा माल उचलला तरी तेवढा बनवताच येणार नाही. पाच टक्के भाव उतरवायला २७ टक्के जास्त विक्री लागते, कारण कॉन्ट्रिब्युशन भावाच्या फक्त २३ टक्के आहे. ज्या मालात कच्च्या मालाचाच वाटा मोठा, तिथे भाव उतरवणं असंच महाग पडतं.

उलट दिशेनेही बघायला विसरू नका, कारण हे बहुतेक कोणी करत नाही. भाव ३०० ने वाढवून ६,३०० केला तर कॉन्ट्रिब्युशन १,७०० होतं. तोच फायदा १,०७१ कूलरमध्ये निघतो. म्हणजे २२९ गिऱ्हाइकं तुटली तरी तुम्ही आधीच्याच जागी आहात, आणि माल कमी बनवायचा असल्याने खेळतं भांडवलही कमी लागतं. आता प्रश्न नेमका झाला: ३०० वाढवल्यावर २२९ पेक्षा जास्त कूलर तुटतील का? याचं उत्तर सूत्रात नाही. ते डीलरशी बोलून, बाजूच्या मालाचा पत्रा किती गेजचा आहे आणि मोटरीला तांब्याचं वाइंडिंग आहे की ॲल्युमिनियमचं, हे बघून काढायचं. पत्रा जाड आणि वाइंडिंग तांब्याचं असेल तर ३०० रुपयांचं कारण डीलर गिऱ्हाइकाला सांगू शकतो. माल सारखाच असेल तर नाही सांगू शकत.

भाव न उतरवता दिलेल्या स्कीमकडे जास्त बारकाईने बघा. "दहावर एक फुकट" हे फार चालतं. अकरा कूलर गेले, पैसे दहाचे आले: ६०,०००. अकरांचा बदलता खर्च ५०,६००. उरले ९,४००, म्हणजे कूलरमागे सुमारे ८५५. बरोबरी थेट १,७२० कूलरच्या आसपास गेली, ताकदीच्या बाहेर. डीलरला भावात ३०० ची सूट नाकारणारा माणूस ही स्कीम हसत देतो, आणि ती कूलरमागे ५४५ रुपयांची सूट असते. रोखीची सूट आणि सीझनअखेरचं कमिशन, हे सगळं भावातून आधी वजा करा आणि मगच कॉन्ट्रिब्युशन काढा.

पाचवी पायरी: घाऊक ऑर्डर घ्यायची की नाही

फेब्रुवारीत एक होस्टेल १०० कूलर मागतं, भाव ५,००० देतो म्हणतं. "आपल्याला ५,७३१ ला पडतो" म्हणणारा माणूस लगेच नाही म्हणेल. पण बदलता खर्च ४,६०० आहे, म्हणजे कूलरमागे ४०० उरतात, शंभरांचे ४०,०००. भाडं आणि पगार तर ही ऑर्डर न घेताही जाणारच आहेत. फेब्रुवारीत शेडला सवड असेल, म्हणजे हे शंभर बनवल्याने सीझनसाठीचा माल कमी पडणार नसेल, तर हे ४०,००० सोडू नयेत.

हीच ऑर्डर एप्रिलच्या शेवटी आली तर उत्तर उलट. तेव्हा रोजचे बारा कूलर डीलरकडे १,४०० च्या कॉन्ट्रिब्युशनने जात असतात. होस्टेलसाठी शंभर बनवले की डीलरचे शंभर कमी पडतात: १,४०,००० सोडून ४०,००० घेतल्यासारखं होतं.

दुसरी अट उधारीची. होस्टेलने पैसे सहा महिन्यांनी दिले आणि तुमचं कर्ज वर्षाला १२ टक्क्यांचं असेल, तर पाच लाखांवर ३०,००० व्याज गेलं. ४०,००० चे १०,००० उरले. शिवाय बिलावरचा जीएसटी पैसे येण्याआधीच भरावा लागतो. म्हणून उधारीची मुदत आधी लिहून घ्या. उद्यम नोंदणी केलेली असेल तर २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, उशीर झाला तर व्याजही लागतं. ऑर्डरच्या कागदावर उद्यम क्रमांक छापून ठेवा.

तिसरी अट म्हणजे हा भाव डीलरच्या कानावर जाणार नाही असा भाबडा विचार करू नका, तो जातोच. म्हणून अशा ऑर्डरचा माल दिसायला वेगळा ठेवा: वेगळा रंग, ब्रँडचं स्टिकर नाही, वॉरंटीच्या अटी वेगळ्या.

हा हिशेब कुठे फसतो

१४,७०,००० हा आकडा १,५०० कूलरपर्यंतच खरा आहे. त्यापुढे जायचं तर दुसरी पाळी, सुपरवायझर किंवा जास्तीचं गोदाम लागतं, आणि स्थिर खर्च एकदम वर उडी घेतो. चार महिन्यांसाठी १५,००० चं गोदाम घेतलं तर ६०,००० वाढले, ते काढायलाच आणखी ४३ कूलर विकले पाहिजेत. गोदाम घेण्याआधी त्यातून ४३ पेक्षा जास्त विक्री वाढणार आहे का, हे विचारा.

बदलता खर्चही वर्षभर जागेवर राहत नाही. तांब्याचा भाव चढला आणि मोटर १५० ने महागली तर बरोबरी १,०५० वरून १,१७६ वर जाते. म्हणून पत्रा आणि मोटर या दोन ओळी प्रत्येक खरेदीच्या वेळी तपासा आणि डीलरला दिलेल्या भावपत्रकावर मुदत लिहा, पंधरा दिवसांची पुरे. एकापेक्षा जास्त मॉडेल असतील तर प्रत्येकाचं कॉन्ट्रिब्युशन वेगळं काढा आणि ते किती-किती विकले जातात त्या प्रमाणात सरासरी घ्या. विक्री स्वस्त मॉडेलकडे सरकली की एकूण नग वाढूनही बरोबरी लांब जाते.

सीझनमध्ये हिशेबाची वही रोज उघडा. १५ एप्रिलपर्यंत ६०० कूलर गेले असतील तर ८,४०,००० जमा झाले, ६,३०,००० बाकी, म्हणजे अजून ४५० कूलर. उरलेल्या दिवसांत रोज किती जायला हवेत हे यातून निघतं, आणि नवीन पत्रा मागवायचा की थांबायचं हेही.

जूनमध्ये शेडमध्ये माल उरला तर मात्र ४,६०० हा आकडा बाजूला ठेवा. ते पैसे खर्च झालेले आहेत, आता विकला किंवा न विकला तरी परत येत नाहीत. आता तुलना वेगळी आहे. कूलर पुढच्या मार्चपर्यंत ठेवला तर पुढच्या वर्षी एक कूलर कमी बनवावा लागेल, म्हणजे ४,६०० वाचतील. पण नऊ महिन्यांचं व्याज सुमारे ४१०, जागेचं भाडं आणि हलवाहलव १५०, वाळून झडलेल्या ताट्या बदलणं आणि गंज आलेल्या कडांना रंग लावणं ३००, असे ८६० जातील. ठेवण्याची किंमत झाली ३,७४०. कोणी रोख ४,२०० देत असेल तर द्या, ३,५०० म्हणत असेल तर झाकून ठेवा. आणि दिलाच, तर बिलावर "सीझनअखेर, जुना साठा" असं स्पष्ट लिहा, नाहीतर पुढच्या मार्चमध्ये डीलर तेच बिल दाखवून भाव पाडून मागेल.